नऊ नंबरचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात आमच्या खुटबावच्या पोरांनी बाहेरगावी पाच कबड्डी सामने खेळले आणि पाचही हरले. मोठ्या फरकाने हरले असते तर कुणाला काही वाटले नसते. पण दोन गुण, तीन गुण, चार गुण, अशी ती हार होती. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परत येताना थंडीने दात वाजत असायचे आणि तोंडी एकच विषय असायचा : नऊ नंबरने घालवला.

नऊ नंबर म्हणजे आमचा मुख्य चढाईपटू. नाव सांगत नाही, जर्सीवरचा आकडाच पुरे. वडील नाहीत, आई घरी शिलाई करते. पाचव्या सामन्यानंतर आमचा कर्णधार ट्रॉलीतच म्हणाला, "पुढच्या वेळी ह्याला बाहेर बसवायचं." पोरगा काही बोलला नाही, पण त्यानंतर सरावाला यायचा बंद झाला. आठवड्याने त्याची आई कपड्यांचे माप घ्यायला आमच्याकडे आली, तेव्हा अम्मीला म्हणाली, "माझं पोरगं आता मैदानाकडं बघतसुद्धा नाही. काय झालं हो?"

अम्मीने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणजे एका घरातले तिघे : थोरला, मधला आणि आमची धाकटी बहीण. तो कर्णधार म्हणजे आमच्यातला थोरलाच. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी घरातच होती.

बहीण बी. कॉम. करते आणि अब्बांच्या गॅरेजचा हिशेब लॅपटॉपवर ठेवते. अब्बांना रात्रीच्या सामन्यांना येता येत नाही म्हणून मधला प्रत्येक सामना फोनवर घेत असे. ती म्हणाली, "पाच सामन्यांचे व्हिडिओ घरात पडलेत. नऊ नंबर किती वेळा बाद झाला ते मोजून का बघत नाही?" थोरला हसला. मोजायचे काय, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मोजायला बसलो तेव्हा पहिली अडचण व्हिडिओचीच निघाली. पहिला सामना मधल्याने बाजूच्या रेषेवरून, गुणलेखकाच्या टेबलाजवळ उभा राहून घेतला होता. पाहायला छान, पण मोजायला निरुपयोगी. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, आणि बचावाचे सात गडी त्या 10 मीटरच्या रुंदीत पसरलेले असतात. बाजूने पाहिले की कोपरारक्षकामागे बाकीचे झाकले जातात. कोण कुणाच्या किती जवळ आहे ते कळतच नाही. शिवाय मध्येमध्ये प्रेक्षकांची डोकी. तो सामना आम्ही बाजूला ठेवला.

पुढचे चार त्याने नशिबाने मागच्या रेषेच्या पलीकडे, उभ्या ट्रॉलीवर चढून, लोखंडी पाइपाला फोन बांधून घेतले होते. आठ-दहा फूट उंचीवरून सातही गडी पंख्यासारखे उघडे दिसतात. या जागेचाही तोटा आहे : जवळचा अर्धा स्वच्छ दिसतो, पलीकडचा लहान. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, म्हणून एका डावात आमचा बचाव नीट दिसतो, दुसऱ्या डावात आमच्या चढाया. दोन फोन दोन टोकांना लावले तर हा प्रश्न उरत नाही. तेव्हा आमच्याकडे एकच होता.

आणखी दोन गोष्टी चुकांमधून शिकलो. एका सामन्यात मामूंचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटले, तेव्हापासून फोन विमान मोडवर टाकतो. दुसरी गोष्ट अशी की आमच्या फोनवर फाइल साधारण 4 जीबीची झाली की नवी सुरू होते, आणि नव्या फाइलीचे घड्याळ पुन्हा शून्यापासून धावते. वहीत नुसते '12:40' लिहिले तर ते कोणत्या फाइलीतले, हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. म्हणून वेळेच्या आधी फाइलीचा क्रमांक लिहायचा.

साधने सगळी फुकटची. व्हिडिओ पाहायला व्हीएलसी, नोंदीला गूगल शीट्स. व्हीएलसीमध्ये तीन कळा आल्या तरी काम भागते : `[` दाबले की व्हिडिओ सावकाश होतो, `]` ने पुन्हा वेग येतो, आणि `e` दाबत गेले की चित्र एकेक फ्रेमने सरकते. पकडीचा प्रसंग पाऊण सेकंदात संपतो. या तिसऱ्या कळीशिवाय तो दिसत नाही.

नोंदीचा नियम बहिणीने ठरवला : एक चढाई, एक ओळ. प्रत्येक ओळीत सामना, फाइल आणि वेळ, चढाई कुणाची, समोर किती गडी, निकाल काय. निकालाला चारच शब्द : गुण, बोनस, बाद, रिकामी. आमच्या चढाईला आणखी एक रकाना, कितवी चढाई. हा रकाना तिने का घातला, हे आम्हाला नंतर कळले. ज्या घरांत कबड्डी पाहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, म्हणजे गडी गुण न घेता सुखरूप परत आला, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. टीव्हीवर तिला 'डू ऑर डाय' म्हणतात. आमच्याकडे नुसती 'तिसरी'.

मगरिबनंतर जेवणे आटोपली की बहीण आणि मधला बसत. चार सामन्यांतल्या आमच्या 148 चढाया लिहायला सहा रात्री गेल्या. मग तिने नऊ नंबरच्या ओळी मोजल्या. चढाया 61. पण गुण, बाद आणि रिकामी यांची बेरीज केली तर 58 च भरली. तीन ओळी गेल्या कुठे? अर्धा तास शोधल्यावर सापडले : मधल्याने तीन ठिकाणी 'बाद' लिहून पुढे एक मोकळी जागा टाकली होती. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शीटला ते वेगळे शब्द वाटतात. त्यानंतर निकालाच्या रकान्याला तिने निवडीची यादी लावली, म्हणजे टाइप करायलाच नको. आणि एकूण बेरीज ओळींच्या संख्येशी जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम झाला.

आता आकडे. नऊ नंबर : 61 चढाया, 14 वेळा बाद, 19 वेळा यश, 28 रिकाम्या. आमचा दुसरा चढाईपटू : 40 चढाया, 4 वेळा बाद, 8 वेळा यश, 28 रिकाम्या. थोरल्याने वाचले आणि म्हणाला, "घ्या. एक चारात एकदा मरतो, दुसरा दहात एकदा. मी काय सांगत होतो?"

बहीण म्हणाली, "भाई, थांबा." आणि एक ओळ टाइप केली. शीटमध्ये C रकान्यात चढाईपटूचा नंबर, D मध्ये कितवी चढाई, E मध्ये निकाल होता.

```
=COUNTIFS(C:C,9,D:D,3,E:E,"बाद")
```

म्हणजे : चढाईपटू नऊ नंबर आहे, चढाई तिसरी आहे आणि निकाल बाद आहे, अशा ओळी किती? उत्तर आले 9.

चारही सामन्यांत मिळून आमच्यावर 21 वेळा तिसरी चढाई आली होती. त्यातल्या 17 वेळा नऊ नंबरला पाठवले होते. त्या 17 मध्ये तो 8 वेळा गुण घेऊन आला आणि 9 वेळा बाद झाला. तिसऱ्या चढाईत रिकामे परत येण्याची सोयच नसते आणि समोरच्यांनाही ते ठाऊक असते. ते खोलवर थांबून वाट पाहतात. या 17 बाजूला काढल्या तर नऊ नंबरच्या 44 साध्या चढाया उरतात. त्यांत तो 5 वेळा बाद आणि 11 वेळा यशस्वी. दुसऱ्याच्या साध्या चढाया 38, त्यांत 3 वेळा बाद आणि 7 वेळा यश. बाद होण्यात दोघांत फारसे अंतर नाही. आणि गुण आणण्यात नऊ नंबर थोडा पुढेच.

शिवाय त्या तिसऱ्या चढाया येत कुठून होत्या? आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या म्हणून. बहिणीने 21 पैकी प्रत्येक तिसरीच्या मागच्या दोन ओळी पाहिल्या. त्या 42 मधल्या निम्म्याहून जास्त चढाया दुसऱ्या चढाईपटूच्या निघाल्या. तो मध्यरेषेजवळ फिरून, निदान रेषा ओलांडून सुखरूप परत येत होता. बाद होत नव्हता म्हणून आम्ही त्याला 'भरवशाचा' म्हणत होतो, आणि त्याने शिल्लक ठेवलेले कर्ज नऊ नंबर फेडत होता.

थोरला गप्प बसला. नंतर म्हणाला, "मग हरलो कशामुळं?"

हा प्रश्न बरोबर होता. पण त्यासाठी आमचा बचाव मोजायला हवा होता आणि ते काम चढायांपेक्षा अवघड आहे. चढाईचा निकाल पंच सांगतात. पकड कशामुळे फसली हे कुणी सांगत नाही. आम्ही दोन रकाने वाढवले : पहिला हात कुणाचा, आणि त्या क्षणी जोडीदार जवळ होता की नाही. मग खात्रीसाठी एकच अर्धा डाव बहिणीने आणि मधल्याने वेगवेगळा लिहिला, एकमेकांना न दाखवता. 39 ओळींपैकी 8 ओळी जुळल्या नाहीत, आणि त्यातल्या 6 या दोन रकान्यांतल्याच होत्या. बहिणीच्या लक्षात आले की मधला थोरल्याला सांभाळून घेतो आहे. जिथे तिने 'एकटा' लिहिले तिथे त्याने 'जवळ' लिहिले होते. मुद्दाम नव्हे, पण भावाची झेप पाहताना हात तसाच लिहून जातो.

मग व्याख्या कागदावर लिहिली. पहिला हात म्हणजे चढाईपटूच्या अंगाला पकडीच्या इराद्याने प्रथम लागलेला हात, हूल धरायची नाही. त्या फ्रेमवर व्हिडिओ थांबवायचा. शेजारचा गडी एक पाऊल टाकून चढाईपटूला धरू शकत असेल तर 'जवळ', नाहीतर 'एकटा'. एक पाऊल म्हणजे किती? पुरुषांच्या मैदानावर निदान रेषा आणि बोनस रेषा यांच्यात नेमके 1 मीटरचे अंतर असते. तीच आमची पट्टी. मात्र दूरचा मीटर पडद्यावर छोटा दिसतो, म्हणून फक्त जवळच्या अर्ध्यातल्या पकडी धरल्या आणि पलीकडच्या सोडून दिल्या. (किनोव्हिया नावाचे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर तिरकी जाळी टाकून हे अंतर मोजून देते. आम्हाला इतक्या बारकाईची गरज पडली नाही.) आणि थोरल्याने स्वतःच्या पकडी मोजायच्या नाहीत, हे अम्मीने ठरवले.

थोरला उजवा कोपरा खेळतो. पहिला हात त्याचा, अशा 26 पकडी निघाल्या. जोडीदार जवळ असताना 15, त्यातल्या 10 यशस्वी. एकटा असताना 11, त्यातल्या यशस्वी 2.

मग त्या 11 चे तुकडे एकामागोमाग पाहिले. प्रत्येक वेळी तेच : चढाईपटू त्याच्या कोपऱ्याकडे सरकतो, थोरला घोट्यावर झेप घेतो, आणि उजवा मध्यरक्षक दोन पावले दूर, मैदानाच्या मध्याकडे असतो. थोरल्याचा हात निसटतो, चढाईपटू रेषा गाठतो. नुकसान एका गुणाचे दिसते, पण त्यांचा एक बाद गडी परत येतो आणि आमचा उजवा कोपरा पुढच्या काही चढायांसाठी मोकळा पडतो. 11 पैकी 8 झेपा आम्ही मागे असतानाच्या होत्या. गुण कमी पडले की तो घाई करत होता.

अब्बा तोवर खाटेवर आडवे होऊन ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "गाडीचा आवाज इंजिनातून येतो म्हणून गिऱ्हाईक सांगतं, आणि निघतो चाकाच्या बेअरिंगचा."

थोरल्याला ते तुकडे बहिणीने एकट्याला दाखवले, दार लावून. त्यामागेही एक प्रसंग होता. आधी मधल्याने दुसऱ्या चढाईपटूच्या रिकाम्या चढायांचा तुकडा उत्साहाने पोरांच्या ग्रुपवर टाकला होता आणि पोरांनी त्याची दोन दिवस टिंगल केली. तो रुसला. एकाचा हिशेब दुरुस्त करताना दुसऱ्याचे तेच केले आम्ही. तेव्हापासून ज्याचा तुकडा त्यालाच दाखवतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 11 मधल्या 2 हा आकडा लहान आहे. चार सामन्यांत काहीही योगायोग घडू शकतो, आणि रकाने वाढवत गेले की कुठेतरी काहीतरी 'सापडतेच'. बहिणीने गंमत म्हणून नाणेफेक जिंकलेले आणि हरलेले सामने वेगळे काढले, तर त्यातही फरक दिसला! तो आम्ही सोडून दिला, कारण त्यामागे मैदानावर दिसणारे कारण नव्हते. कोपऱ्याच्या बाबतीत कारण फ्रेमवर दिसत होते. तरीही खरी परीक्षा पुढच्या सामन्यांत होती, म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवले : थोरला एकटा झेपावणार नाही, मध्यरक्षक त्याच्यापासून एका पावलात राहील, आणि तिसरी चढाई दुसऱ्यालाही द्यायची. हे पाळले तर काय बदलते ते मोजायचे. न बदलल्यास आमचे म्हणणे चूक.

नऊ नंबरला बोलवायला थोरला स्वतः गेला. काय बोलला ते त्याने सांगितले नाही. पोरगा दुसऱ्या दिवशी असरनंतर मैदानावर आला, एवढे आम्ही पाहिले.

सरावात मध्यरक्षकाची सवय मोडायला तीन आठवडे गेले. तो मध्याकडे का सरकतो, हे त्याला विचारल्यावर कळले. समोर सहा किंवा जास्त गडी असले की चढाईपटूला बोनस मिळू शकतो, आणि तो बोनस वाचवायला हा पुढे आणि आत जात होता. त्याचेही बरोबरच होते. आम्ही ठरवले की बोनस जाऊ द्या, कोपरा एकटा ठेवू नका. बोनसने आपला गडी बाद होत नाही आणि त्यांचा परतही येत नाही.

1 मार्च 2024 ला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना घरात सगळ्यांनी पाहिला होता. नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवले. तेव्हा आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्याचे भाग पुन्हा पाहताना आमचे डोळे चढाईपटूवर नसतात, कोपरा आणि त्याच्या शेजाऱ्याच्या मधल्या मातीवर, म्हणजे तिथल्या मॅटवर असतात. तीन गुणांत अंतिम सामना जातो, तर आमच्या दोन-चार गुणांचे काय नवल.

पुढच्या स्पर्धेत दोन सामने खेळलो. पहिला जिंकलो, दुसरा दोन गुणांनी हरलो. तिसऱ्या चढाया दोन्हींत मिळून 7, त्यातल्या नऊ नंबरकडे 4. थोरल्याच्या एकट्या झेपा 3. त्यातल्या दोन दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांतल्या, आम्ही मागे असताना. म्हणजे सवय गेली नव्हती, दबली होती. आणि समोरच्यांचे बोनस वाढले होते : आधी सामन्याला तीन-चार, या वेळी सात. आम्हीच ते दार उघडे ठेवले होते. तो सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे दोन सामन्यांवरून ठरत नाही.

परतीच्या ट्रॉलीत नऊ नंबर मधल्याच्या शेजारी बसला होता. फोन त्याच्याच मांडीवर होता, रेकॉर्डिंग नीट झाले का ते पाहत होता. थोरल्याने विचारले, "शेवटची माझी झेप आहे का त्यात?"

"आहे," तो म्हणाला. "फाइल दोन, अकरा मिनिटं वीस सेकंद."

घरी पोहोचलो तेव्हा बहीण जागी होती. तिने बोनससाठी नवा रकाना आधीच आखून ठेवला होता.